‘शेवटचा भाव सांगा’ लिहिण्याआधी

पुण्याच्या तुळशीबागेत भाव पटला नाही की गिऱ्हाईक मान हलवून दोन पावलं पुढे जातं, आणि बहुतेक वेळा मागून हाक येते, ‘ताई, किती द्याल ते तरी सांगा.’ आपल्याकडची घासाघीस या हाकेवर उभी असते. ईमेलवर ही हाक येत नाही. ‘भाव फार आहे, शेवटचा भाव सांगा’ एवढंच लिहून परदेशी पुरवठादाराला पाठवलं, तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो एक-दोन टक्के कमी करून विषय संपवतो, नाहीतर उत्तरच देत नाही. म्हणून पत्रातून भाव करायचा, तर तो वेगळ्या रीतीने करावा लागतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. सांगलीकडच्या एका छोट्या उद्योगाला केसांच्या तेलासाठी ३० मिलीच्या तपकिरी काचेच्या ड्रॉपर बाटल्या हव्या आहेत. चीनमधल्या एका कारखान्याने १०,००० नगांसाठी दर बाटलीला ०.४२ डॉलर भाव दिला आहे, एफओबी निंगबो. म्हणजे निंगबो बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च कारखान्याचा, पुढचं भाडं आणि विमा घेणाऱ्याचा. एकूण ४,२०० डॉलर होतात. उद्योजकाला हा भाव ०.३५च्या आसपास आणायचा आहे.

आता हे पत्र वाचतं कोण? कारखान्याचा मालक सहसा नाही. वाचते ती विक्री विभागातली एक कर्मचारी. ती दिवसभर अनेक देशांतली पत्रं वाचते आणि इंग्रजी ही तिचीही दुसरी भाषा असते. थोडीफार सूट तिच्या हातात असते, त्यापुढे तिला वरिष्ठांकडे जावं लागतं. तिथे ‘भारतातलं गिऱ्हाईक कमी करा म्हणतंय’ एवढंच सांगून तिचं काम होत नाही. तिला कारण लागतं, आकडा लागतो आणि त्या बदल्यात कारखान्याला काय मिळणार हे सांगावं लागतं. आपलं पत्र तिने जसंच्या तसं वरिष्ठांपुढे ठेवावं, अशा बेताने ते लिहिलं पाहिजे. पत्रातला स्नेह इथेच दिसतो. सुरुवातीच्या चार गोड वाक्यांपेक्षा तिचं काम सोपं करणारं एक वाक्य तिला जास्त आवडतं.

म्हणून पहिल्या पत्रात सूट मागूच नये. भावाची फोड मागावी. बाटली, ड्रॉपर, छपाई आणि पॅकिंग यांचे आकडे वेगवेगळे कळले तर आम्हाला ऑर्डर नीट ठरवता येईल, एवढं लिहिलं तरी पुरतं. काही कारखाने फोड देत नाहीत. मग प्रश्न उलटा करावा : दोन रंगांऐवजी एकच रंग छापला तर भाव किती होईल? प्रत्येक बाटलीचा वेगळा खोका काढला तर किती? उत्तरांच्या वजाबाकीतून फोड आपोआप कळते.

आपल्या उदाहरणात फोड अशी आली : बाटली ०.१७, सोनेरी ॲल्युमिनियमच्या कॉलरचा ड्रॉपर ०.१४, दोन रंगांची छपाई ०.०६, पॅकिंग ०.०५. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते आणि बाटली पुन्हा एकदा यंत्राखालून जाते, म्हणून दुसरा रंग महाग पडतो. शिवाय हा उद्योजक बाटली स्वतःच्या छापील खोक्यात घालून विकतो. म्हणजे चीनमधून येणारा पांढरा खोका इथे आल्यावर फेकूनच द्यायचा आहे! त्याऐवजी पुठ्ठ्याचे कप्पे असलेल्या मोठ्या खोक्यात बाटल्या आल्या तरी चालतं. फोड मागितली नसती तर हे पैसे जाताहेत हे कळलंही नसतं.

दुसरं पत्र इंग्रजीत जातं. त्याचा मराठी आशय साधारण असा असेल :

‘नमुने मिळाले, धन्यवाद. काचेचा रंग आणि झाकणाची पकड आम्हाला आवडली आणि ही ऑर्डर तुमच्याकडेच द्यायची आमची इच्छा आहे. आमच्या हिशेबात बाटली ०.३५ डॉलरला बसते. तिथे पोहोचायला आम्ही तीन गोष्टी बदलू शकतो. एक, छपाई एकाच रंगात, पांढऱ्या. दोन, वेगळा खोका नको, कप्प्यांचं पॅकिंग चालेल. तीन, ऑर्डर १०,००० ऐवजी २०,००० नगांची. उत्पादन एकदाच करा, पण माल दोन खेपांत पाठवा, दुसरी खेप ६० दिवसांनी. ३० टक्के आगाऊ रक्कम पूर्ण ऑर्डरवर देऊ, उरलेले पैसे प्रत्येक खेप निघण्याआधी. बाटलीचं वजन आणि ड्रॉपरचं रबर मात्र नमुन्याप्रमाणेच हवं. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी ऑर्डर पाठवतो.’

या पत्रात भावाबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या कारखान्याची खोटी बोली सांगून घातलेली भीतीही नाही. वाक्यं छोटी आहेत, प्रत्येक मागणीला क्रमांक आहे आणि काय बदलायचं नाही हेही स्पष्ट आहे. तारखेचाही उपयोग होतो, पण ती खरी असली तरच. ‘सोमवारी ऑर्डर’ म्हणून महिनाभर गप्प बसलं, तर पुढच्या वेळी त्या शब्दाला वजन राहत नाही.

समजा उत्तर आलं : एका रंगाने ०.०३ कमी, पॅकिंगने ०.०२ कमी, म्हणजे ०.३७. संख्या दुप्पट केल्याबद्दल आणखी ०.०१. भाव ०.३६ झाला. आता उरलेल्या एका सेंटसाठी हट्ट धरावा का? धरावा, पण वाट मोकळी ठेवून. ‘०.३५ जमलं तर आजच पक्कं करू. ते शक्य नसेल तर ०.३६ मान्य आहे, फक्त सोबत दोन टक्के सुटे ड्रॉपर द्यावेत.’ काचेची नळी वाटेत फुटते, भरताना तुटते, म्हणून ४०० सुटे ड्रॉपर कामाचे असतात आणि भाव कमी करण्यापेक्षा ते देणं कारखान्याला सोपं जातं. त्या कर्मचारीला वरिष्ठांकडे दोन पर्याय नेता येतात. समजा तिने ०.३५ मिळवून आणले. २०,००० बाटल्यांचे आधीच्या भावाने ८,४०० डॉलर झाले असते, आता ७,००० होतात. शिवाय आपल्याकडे सीमाशुल्क मालाची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर आकारलं जातं, त्यामुळे भाव उतरला की करही उतरतो.

हा हिशेब मात्र प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. उतरलेल्या सात सेंटपैकी पाच सेंट वस्तू बदलल्यामुळे उतरले, घासाघिशीचे फक्त दोन. ते दोन सेंटही फुकट मिळालेले नाहीत. आगाऊ रक्कम आता २,१०० डॉलर आहे आणि दोन खेपा म्हणजे मुंबईच्या क्लिअरिंग एजंटचा खर्चही दोनदा. वर्षभरात १२,००० बाटल्याच खपत असतील, तर ही सूट गोदामात पडून राहील. अशा उद्योगाने १०,००० नग ०.३७ने घेऊन थांबणं जास्त शहाणपणाचं.

याच्याही खाली भाव ओढला तर काय होतं, हे अनुभवी आयातदार जाणतात. कारखाना ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘हो’ म्हणतो आणि तोटा दुसरीकडे भरून काढतो. काच थोडी पातळ होते, ड्रॉपरचं रबर हलक्या प्रतीचं येतं. बाटली दिसायला तीच असते, पण तेलाने रबर फुगतं आणि झाकणातून गळती सुरू होते. म्हणून ऑर्डरमध्ये बाटलीचं वजन ग्रॅममध्ये लिहावं, उदाहरणार्थ ५० ग्रॅम, आणि कमी-जास्त किती चालेल तेही. मंजूर नमुन्याचे दोन संच सही करून ठेवावेत, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. माल आला की वेगवेगळ्या खोक्यांतल्या वीस-तीस बाटल्या काट्यावर ठेवाव्यात. काहींमध्ये आपलंच तेल भरून दोन दिवस उलट्या ठेवाव्यात. वजन सरसकट कमी भरलं तर फोटोसह लगेच लिहावं, आरोप न करता, फक्त आकडे देऊन.

दोन कारखान्यांचे भाव जुळवताना आणखी एक फसगत होते. एकाने एफओबी ०.३७ सांगितलं, दुसऱ्याने सीआयएफ न्हावा शेवा ०.३८. दुसऱ्यात भाडं आणि विमाही आला, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण एवढ्या बाटल्यांनी कंटेनर भरत नाही, त्या इतरांच्या मालासोबत येतात. अशा वेळी कधीकधी तिकडचं भाडं नाममात्र दाखवून इकडच्या बंदरावर हाताळणीचे शुल्क भरमसाट लावलं जातं. त्यामुळे सगळ्यांकडून एफओबी भावच मागावा आणि भाडं आपल्या एजंटकडून ठरवावं. मग तुलना सारख्या गोष्टींची होते.

बोलणी रंगात आली की समोरून कधी एक सोय सुचवली जाते : ‘बिलावर किंमत कमी दाखवू का?’ ती आपुलकीने सुचवलेली असली तरी सीमाशुल्क कायद्याने तो गुन्हा आहे, आणि दंड भरावा लागतो तो आयातदाराला. ‘धन्यवाद, पण बिल खऱ्या रकमेचंच हवं’ एवढं उत्तर पुरतं. दुसरा धोका याहून मोठा आहे. भाव ठरतो, पैसे पाठवायची वेळ येते आणि त्याच पत्रव्यवहारात ‘आमचं बँक खाते बदललं आहे’ असं पत्र येतं. कोणाचा तरी ईमेल फोडून चोरटे नेमक्या या क्षणाची वाट बघत असतात. पत्ता जवळजवळ तोच असतो, एखादं अक्षर वेगळं. कधी पत्ताही खराच असतो. खाते बदलल्याचं कळलं की त्या पत्रातल्या नंबरावर नव्हे, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर व्हिडिओ कॉल करून खात्री करावी, मगच पैसे पाठवावेत.

वेळेचंही भान हवं. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणून सकाळी लवकर पाठवलेलं पत्र तिथे कामाच्या सुरुवातीला वाचलं जातं. चिनी नववर्षाच्या आधीचे आठवडे भावासाठी वाईट, कारण सगळ्यांना सुटीआधी माल हवा असतो. २०२६ साली ते १७ फेब्रुवारीला होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही कारखाने बंद असतात.

पहिली खेप पोहोचली की आणखी एक पत्र जायला हवं, आणि बहुतेक जण तेच पाठवत नाहीत. ‘१०,००० बाटल्या मिळाल्या. ३८ फुटल्या, बहुतेक खालच्या थरातल्या, फोटो जोडले आहेत. सरासरी वजन ५०.२ ग्रॅम. छपाई उत्तम. दुसऱ्या खेपेत खालच्या थराला जाड पुठ्ठा घालता येईल का?’