ऐंशी थेंब आणि पन्नास थेंब

आठव्या मिनिटाला मावशींनी डोकं खाजवायला सुरुवात केली. आधी केसांत, मग कानामागे, मग मानेवर. सुनेला वाटलं, रुग्णालयातल्या उशीचा काहीतरी दोष असेल. पण कानाला हात लावला तर तो चांगलाच तापलेला. "सिस्टर, आईंचं अंग बघा हो, पित्त उठल्यासारखं करतायत!" सिस्टर धावत आली, तिने सलाईनचं चाक आवळून बंद केलं आणि मला हाक मारली. मी पोचेपर्यंत केसपेपरच्या पहिल्या पानावर कुणीतरी लाल शाईने लिहूनही टाकलं होतं: व्हॅन्कोमायसिनची ॲलर्जी.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. सहा महिन्यांपूर्वी गुडघ्याचा सांधा बदललेला, त्यात पू झाला. आदल्या दिवशी शस्त्रक्रिया करून सांधा धुऊन काढला होता. कल्चरमध्ये एमआरएसए निघाला, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातल्या बहुतेक औषधांना दाद न देणारा जंतू. अशा जंतूवर व्हॅन्कोमायसिन हे जुनं, खात्रीचं औषध, आणि ते पुढे काही आठवडे शिरेतून द्यायचं होतं. त्यामुळे लाल शाईतली ती ओळ साधी नव्हती. ती खरी असेल तर पहिल्याच डोसाला हे औषध हातातून गेलं होतं.

खाज आली, अंग तापलं, म्हणजे ॲलर्जी, असं आपण धरून चालतो. व्हॅन्कोमायसिनच्या बाबतीत बहुतेक वेळा ते खरं नसतं. आपल्या त्वचेत आणि रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात, हिस्टामिनच्या पुड्या पोटात बाळगून बसलेल्या. हिस्टामिन सुटलं की रक्तवाहिन्या पसरतात, त्वचा गरम होते, खाज सुटते. खऱ्या ॲलर्जीत या पुड्या फुटण्याआधी एक तयारी झालेली असते. शरीराने ते औषध, किंवा त्याच्यासारखं काही, पूर्वी पाहिलेलं असतं, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवलेली असतात आणि ती मास्ट पेशींवर दबा धरून बसलेली असतात. औषध पुन्हा आलं की ती पेशीला इशारा देतात.

व्हॅन्कोमायसिनला हा मध्यस्थ लागत नाही. ते मास्ट पेशीच्या एका वेगळ्याच कडीला थेट हात घालतं आणि पुडी फोडतं. म्हणून आयुष्यातल्या पहिल्या डोसालाही हे होऊ शकतं. आणि म्हणूनच सगळा खेळ वेगाचा आहे. औषध हळूहळू आलं तर सुटणारं हिस्टामिन शरीर निस्तरतं, लोंढा आला तर निस्तरता येत नाही.

मावशींच्या बाबतीत लोंढा आला होता. बाटली पाहिली. एक ग्रॅम औषध शंभर मिली सलाईनमध्ये मिसळलं होतं आणि बाटली साधारण पंचवीस मिनिटांत संपेल अशी सोडली होती. यात सिस्टरचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. त्या वॉर्डात रोज दिली जाणारी बाकीची अँटिबायोटिक्स अशीच शंभरच्या बाटलीत, अर्ध्या तासात जातात. हात त्याच सवयीने चालला.

आता थेंब मोजू. नेहमीच्या नळीतून वीस थेंबांचं एक मिली होतं. शंभर मिली पंचवीस मिनिटांत म्हणजे मिनिटाला चार मिली, ऐंशी थेंब. या बाटलीच्या प्रत्येक मिलीत दहा मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. मिनिटाला चाळीस मिलिग्रॅम औषध शिरेत जात होतं. व्हॅन्कोमायसिनच्या माहितीपत्रकातली मर्यादा मिनिटाला दहा मिलिग्रॅमची आहे आणि डोस कितीही लहान असला तरी किमान एक तास. या हिशेबाने एका ग्रॅमला तास नाही, एक तास चाळीस मिनिटं लागतात. तेच औषध अडीचशे मिलीत मिसळलं असतं तर एका थेंबात फक्त 0.2 मिलिग्रॅम आलं असतं आणि मिनिटाला पन्नास थेंब सोडले असते तर ते मर्यादेत बसलं असतं. ऐंशी थेंब आणि पन्नास थेंब, पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना यात फारसा फरक दिसत नाही. औषधाच्या मात्रेत मात्र चौपट फरक पडला, कारण थेंबही दाट होता.

त्यात आणखी एक गोष्ट. तासाभरापूर्वी दुखण्यासाठी मावशींना मॉर्फिन दिलं होतं. मॉर्फिनही मास्ट पेशी फोडतं. भूल देताना वापरली जाणारी स्नायू सैल करणारी काही औषधं आणि स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्टही त्याच जातीचं. ही जोडीला असली की व्हॅन्कोमायसिनचा थोडासा जास्त वेगही बाधतो.

मग मी मावशींना तपासलं. रक्तदाब 132 वरून 108 वर आलेला, नाडी जलद. पण छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, कुठे शिट्टीसारखा आवाज नाही, ऑक्सिजन 98. ओठ, जीभ, पापण्या सुजलेल्या नाहीत. आवाज बसलेला नाही. उलटी नाही, पोटात कळ नाही. अंगावर उठलेल्या, कडा असलेल्या गांधी नाहीत. चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग एवढ्याच ठिकाणी खाज आणि ऊब होती, पोटाखाली काही नाही. चित्र व्हॅन्कोमायसिनच्या वेगाच्या रिॲक्शनचं होतं. ही बहुधा औषध सुरू झाल्यावर चार ते दहा मिनिटांत दिसते, कधी बाटली संपता संपता.

या रिॲक्शनचं जुनं नाव 'रेड मॅन सिंड्रोम', लाल माणसाचा आजार. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना हिणवायला वापरलेले तेच शब्द, म्हणून आता बरेच डॉक्टर ते टाळतात आणि नुसतं 'व्हॅन्कोमायसिन इन्फ्यूजन रिॲक्शन' म्हणतात. माझी तक्रार थोडी निराळी आहे. ते नाव डोळ्यांना चुकीच्या जागी पाठवतं. गोऱ्या कातडीवर ही लाली टोमॅटोसारखी उमटते. मावशींसारख्या सावळ्या बाईच्या छातीवर मला लाल असं काहीच दिसलं नाही. जरा गडद, तांबूस छटा होती, तीही खिडकीशेजारी नेल्यावर दिसली. आपल्याकडे विचारायचं ते खाजेबद्दल, हात लावून पाहायची ती ऊब. सुनेने कानाला हात लावला, हेच इथलं खरं निदान होतं.

औषध थांबवलं होतंच. सुई काढली नाही. प्रकरण वाढलं तर शीर हाताशी हवी, म्हणून साधं सलाईन चालू ठेवलं. फेनिरामिनचं, म्हणजे ज्याला सगळे एव्हिल म्हणतात त्याचं, इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत खाज ओसरली, रक्तदाब वर आला.

पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा: उरलेलं औषध द्यायचं की नाही? आठ मिनिटांत 32 मिली, म्हणजे 320 मिलिग्रॅम गेलं होतं. 680 मिलिग्रॅम बाटलीत होतं. अशा वेळी सांगितलं जातं की त्रास पूर्ण शमला की निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करा. इथेच चकवा आहे. चाळीसचं निम्मं वीस, आणि वीस म्हणजे अजूनही मर्यादेच्या दुप्पट. म्हणून नियम असा: आधीच्या वेगाचं निम्मं किंवा मिनिटाला दहा मिलिग्रॅम, यात जे कमी असेल ते. आम्ही उरलेले 68 मिली आणखी 200 मिली सलाईनमध्ये मिसळले आणि दोन तासांत दिले. मिनिटाला पंचेचाळीस थेंब, सुमारे साडेपाच मिलिग्रॅम. पहिली पंधरा मिनिटं सिस्टर पलंगाशेजारी उभी राहिली. काही झालं नाही. मावशींना झोप लागली.

हे इतकं सरळ नेहमी जात नाही. रक्तदाब खूप कोसळला, तर ती वेगाची रिॲक्शन आहे की ॲनाफिलॅक्सिस, हे त्या क्षणी सांगता येईलच असं नाही, कारण दोन्हींत रक्तदाब पडू शकतो. तेव्हा वाद घालत बसायचं नसतं. श्वासाला घरघर, घसा आवळणं, जीभ सुजणं, अंगभर गांधी किंवा शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनालिन, मोठ्या माणसासाठी, लगेच. एव्हिल त्या ठिकाणी पुरं पडत नाही. निवाडा नंतर करता येतो. त्यासाठी तासा-दोन तासांच्या आत रक्त घेऊन ट्रिप्टेज तपासायला पाठवतात. खऱ्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये हे बहुधा वाढतं, वेगाच्या रिॲक्शनमध्ये सहसा वाढत नाही. औषधाची टोचून चाचणी करून मात्र सहज उत्तर मिळत नाही, कारण पुरेसं दाट औषध टोचलं तर ॲलर्जी नसलेल्या माणसाच्याही कातडीतलं हिस्टामिन ते थेट सोडवतं आणि गाठ उठते.

विचारण्यासारखा साधा प्रश्न असा: पुन्हा हळू दिलं तेव्हा काय झालं? आयजीईच्या ॲलर्जीत अगदी थोडं औषध, कितीही सावकाश दिलं, तरी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून तिथे हा प्रयोग करायचाच नसतो. वेगाची रिॲक्शन मात्र वेग उतरवला की बहुतेक उतरते.

जुन्या काळी या रिॲक्शनचं खापर औषधाच्या अशुद्धपणावर फोडलं जायचं. 1950 च्या दशकात बोर्निओच्या मातीतल्या जिवाणूपासून ते निघालं तेव्हा इतकं गढूळ तपकिरी असायचं की प्रयोगशाळेत त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणत. 1958 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पुढे शुद्धीकरण खूप सुधारलं, रिॲक्शन कमी झाल्या. थांबल्या मात्र नाहीत, कारण शुद्ध रेणूच ती कडी वाजवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळचा डोस अडीचशे मिलीत, दोन तासांत गेला. मग मी लाल शाईतली ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "पहिला डोस, 1 ग्रॅम 100 मिलीत, मिनिटाला 40 मिलिग्रॅम. आठव्या मिनिटाला चेहरा-मान-छातीला खाज, ऊब. गांधी, सूज, श्वासाचा त्रास नाही. वेग कमी करून उरलेलं औषध व पुढचा डोस त्रासाविना. ॲलर्जी नाही. मिनिटाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेग देऊ नये." नुसतं "ॲलर्जी" लिहून ठेवलं असतं तर पुढच्या वेळी, कदाचित दुसऱ्या गावात, मध्यरात्री, कुणीतरी लिनेझोलिड किंवा दुसरं काही शोधत बसलं असतं. ते कधी चांगलं असतं, कधी महाग, कधी त्या जागेच्या संसर्गाला तितकं सोयीचं नसतं.

सुनेला एक गोष्ट मात्र वेगळी सांगितली. व्हॅन्कोमायसिनच्या काही रिॲक्शन उशिरा येतात, दुसऱ्या आठवड्यापासून पुढे कधीही. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, किंवा कातडीवर फोड. त्यात वेग कमी करून काही उपयोग नाही, औषध बंदच करायचं आणि तिथे "पुन्हा देऊ नये" हेच खरं. तिने मोबाईलवर टिपून घेतलं. मग थेंबांकडे बघत विचारलं, "आत्ता हे पन्नास आहेत ना?" मी घड्याळ लावून मोजले. त्रेपन्न होते. चाक किंचित आवळलं.