दहा नंबरची पीन आणि पंचवीस पानं

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जलेखकाकडे पंचवीस पानांचा दस्त येतो. वर जाड स्टॅम्प पेपर. तो छोटा स्टेपलर उचलतो, दाबतो. पीन अर्धीच घुसते, एक पाय वाकडा होतो. तो पुन्हा दाबतो, आणि आता स्टेपलरच बंद पडतो.

हा छोटा स्टेपलर दहा नंबरच्या पिनांचा. पिनेचा पाय जेमतेम ५ मिलिमीटर. झेरॉक्सच्या साध्या कागदाची वीस पानं साधारण २ मिलिमीटर जाडीची होतात, म्हणजे पलीकडे वळायला ३ मिलिमीटर तार उरते. त्याहून जाड गठ्ठ्यात बारीक तार शिरतानाच दुमडते. दुमडलेली पीन तोंडाच्या फटीत अडकते आणि पुढच्या दाबाला दुसरी तिच्यावर येऊन बसते. म्हणून अडकल्यावर जोर लावणं सगळ्यात वाईट.

आधी स्टेपलर उघडून पिनांची पट्टी बाहेर काढायची. मग तोंड खालून उजेडात बघायचं. फटीत तारेचा चमकता तुकडा दिसतो. टाचणीने तो थोडा सैल करून बारीक चिमट्याने खालीच ओढायचा, कारण पिनेची वाट तीच आहे. वर उचकटायला गेलं की पीन पात्याशी आणखी आवळते. हे करताना तोंड चेहऱ्याकडे नको. नवी पट्टी भरण्याआधी रिकामा स्टेपलर एकदा दाबावा. पातं सहज खाली जाऊन वर आलं, तर फट मोकळी झाली.

आता दस्तातली वाकडी पीन. कागद फाटतो तो घाईने वरून ओढल्यामुळे: मागचे पाय वळलेलेच असतात आणि ते छिद्राची चीर करत बाहेर येतात. दातेरी रिमूव्हर नेमकं हेच करतो. रद्दीच्या कागदांना तो चालेल, दस्ताला नाही. त्यापेक्षा कागद उलटा करावा. पुष्कळ छोट्या स्टेपलरच्या मागच्या टोकाला चपटी जीभ असते, ती पायांखाली सरकवून दोन्ही पाय एकेक करून सरळ उभे करावेत. मग कागद सुलटा करून तीच जीभ पिनेच्या पाठीखाली घालावी आणि दोन्ही बाजू सारख्याच उचलाव्यात. पीन सरळ निघते, मागे फक्त दोन ठिपके राहतात.

कोकणातल्या दमट कपाटातली जुनी कागदपत्रं मात्र वेगळी. तिथे गंज पिनेला कागदाशी चिकटवून टाकतो. फाइलच्या पारदर्शक कव्हरची अरुंद पट्टी कापून ती पीन आणि कागद यांच्यामध्ये हळूच सरकवावी आणि जिभेचा दाब त्या पट्टीवर येऊ द्यावा. गंजलेली तार मध्येच तुटली तर बरंच, तुकडे चिमट्याने वेगवेगळे निघतात.

आणि पंचवीस पानांच्या त्या दस्ताला पुन्हा दहा नंबरची पीन मारू नये. त्याला छिद्र पाडून टॅगच लावावा.