तोशीस कोणाला आणि किती रुपयांपर्यंत?

जमिनीच्या खरेदीखतात शेवटाकडे एक वाक्य बहुतेक वेळा सापडते: ‘सदर मिळकतीवर कोणी हक्क सांगितल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करतील व त्याची कोणतीही तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाहीत.’ खाली सही करणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भांडण उभे राहिले तर मी निस्तरीन, खर्च माझा, तुझ्यापर्यंत झळ येऊ देणार नाही, एवढेच त्यात म्हटलेले असते.

इंग्रजी व्यापारी करारातला ‘इंडेम्निफाय, डिफेंड अँड होल्ड हार्मलेस’ हा शब्दसमूह नेमके हेच सांगतो. तरीही त्याचे मराठी भाषांतर करताना अनेक जण दोन टोकांपैकी एकाला जातात. काही जण शब्दाला शब्द ठेवतात आणि ‘निरुपद्रवी धरील’ असे लिहून बसतात. त्या वाक्याचा अर्थ, समोरचा कोणाला उपद्रव देत नाही असे मानीन, असा होतो. काही जण वाक्य ओघवते करतात आणि ‘नुकसानभरपाई देईल’ एवढ्यावर मोकळे होतात. हे दुसरे टोक मला जास्त धोक्याचे वाटते, कारण पहिल्यातली चूक वाचणाऱ्याला खटकते आणि दुसऱ्यातली खटकत नाही.

नुकसानभरपाई हा शब्द आपण पीकविम्यापासून एसटीच्या अपघातापर्यंत सगळीकडे वापरतो. आधी नुकसान होते आणि मागाहून पैसे मिळतात, असा त्याचा रोख आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यात अशा भरपाईसाठी कलम 73 आहे. करार मोडला, त्यातून साहजिकपणे जे नुकसान झाले तेवढे मिळेल, दूरचे आणि अप्रत्यक्ष मिळणार नाही, असे ते कलम सांगते. इंडेम्निटीसाठी त्याच कायद्यात वेगळे कलम 124 आहे आणि तिथली भाषा एका पक्षाने दुसऱ्याला हानीपासून वाचवण्याचे वचन देण्याची आहे. कलम 125 पुढे सांगते की ज्याला असे वचन मिळाले त्याच्यावर दावा झाला, तर त्याला भरावी लागलेली रक्कम, दाव्याचा खर्च आणि वाजवी तडजोडीत दिलेले पैसे त्याला वसूल करता येतात.

या दोन कलमांमधले अंतर मुंबई उच्च न्यायालयाने 1942 मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले. गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री हा तो खटला. महापालिकेचा एक भूखंड परेळकरांच्या नावावर होता, त्यावर बांधकाम मंत्री करत होते आणि बांधकाम साहित्याच्या देण्यापोटी गहाणखते मात्र परेळकरांना करून द्यावी लागली होती. मंत्रींनी ते देणे फेडण्याची हमी दिली होती. परेळकरांनी अजून स्वतः पैसे भरलेले नाहीत, म्हणजे त्यांचे नुकसानच झालेले नाही, असा बचाव पुढे आला. न्यायमूर्ती छागला यांनी तो मानला नाही. देणे निश्चितपणे अंगावर आले असेल, तर आधी स्वतःच्या खिशातून भरा आणि मग मागा, असे म्हणता येणार नाही, हे त्या निकालाचे सार आहे. ‘झालेल्या नुकसानीची भरपाई देईल’ असे भाषांतर वाचणाऱ्याला हा हक्क दिसत नाही. ‘तोशीस लागू देणार नाही’ यात तो दिसतो.

म्हणून इंडेम्निटीच्या कलमात मी दस्तलेखकाच्या मराठीकडे वळते. कलमाच्या डोक्यावर ‘क्षतिपूर्ती’ ही कायद्याच्या मराठीतली संज्ञा ठेवावी, म्हणजे वकिलाला कलम सापडते. आत मात्र क्रियापदे मोकळी करून लिहावीत: दाव्याचा बचाव स्वखर्चाने करील, द्यावी लागणारी रक्कम भरील, तोशीस लागू देणार नाही. ‘डिफेंड’ गाळून चालत नाही, कारण वकील लावून खटला लढवणे हे पैसे भरण्याहून निराळे काम आहे. ‘इंडेम्निफाय’ आणि ‘होल्ड हार्मलेस’ यांत फरक आहे का, यावर अमेरिकेतली न्यायालयेसुद्धा एकमत नाहीत. डेलावेअरमध्ये 2006 साली एका निकालात दोन्ही जवळपास एकच मानले गेले, तर कॅलिफोर्नियात 2007 साली एकाला वसुलीचा हक्क आणि दुसऱ्याला बचावाची ढाल असे वेगळे वाचले गेले. हा वाद भाषांतरकाराने मिटवू नये. दोन्हींसाठी स्वतंत्र शब्द ठेवावेत.

दायित्व-मर्यादेच्या कलमात मात्र माझे मत उलटे आहे. ते कलम वचन देत नाही, हिशेब घालून देते, आणि तिथे ओघवतेपणा फार महाग पडू शकतो. शीर्षकापासूनच जपावे लागते. ‘जबाबदारीची मर्यादा’ असे लिहिले की कंपनीची कामेच मर्यादित आहेत, असे वाटू शकते. मर्यादा घातलेली असते ती पैशाच्या देण्यावर, म्हणून ‘दायित्व’ हाच शब्द बरा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने शीतगृहाच्या यंत्रणेची देखभाल एका संस्थेला दिली आहे. शुल्क महिन्याला 40,000 रुपये. करार इंग्रजीत आहे आणि संचालक मंडळासाठी त्याची मराठी प्रत केली आहे. कलम 9 म्हणते की संस्थेच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्या कोणी कंपनीवर दावा केला, तर त्याची तोशीस संस्था कंपनीला लागू देणार नाही. कलम 10 ची सुरुवात ‘सब्जेक्ट टू क्लॉज 9’ अशी आहे आणि पुढे संस्थेचे एकूण दायित्व घटनेआधीच्या बारा महिन्यांच्या शुल्कापेक्षा जास्त नसेल, असे म्हटले आहे. म्हणजे कमाल 4,80,000 रुपये.

आता हंगामात तंत्रज्ञाने दुरुस्तीनंतर एक झडप बंदच ठेवली. रात्रीत खोलीचे तापमान चढले आणि निर्यातीसाठी भरलेली 14 लाखांची द्राक्षे खराब झाली. ज्या खरेदीदाराला माल जायचा होता त्याने पुरवठा न झाल्याबद्दल कंपनीवर 6 लाखांचा दावा लावला आणि तो टिकला.

मूळ इंग्रजीप्रमाणे कलम 10 हे कलम 9 च्या अधीन आहे. दोघांत टक्कर झाली तर 9 वरचढ. तेव्हा खरेदीदाराचे 6 लाख मर्यादेबाहेर राहतात आणि संस्थेला पूर्ण द्यावे लागतात. द्राक्षांचे 14 लाख हे कंपनीचे स्वतःचे नुकसान, त्याला मर्यादा लागू होते आणि त्यातले 4,80,000 मिळतात. एकूण 10,80,000 रुपये.

मराठी प्रतीत ‘सब्जेक्ट टू क्लॉज 9’ चे ‘कलम 9 नुसार’ झाले, तर काय होते पाहा. वाक्य छान वाचले जाते: ‘कलम 9 नुसार संस्थेचे एकूण दायित्व बारा महिन्यांच्या शुल्कापेक्षा अधिक असणार नाही.’ आता वाचणाऱ्याला कळते ते असे की कलम 9 खालचे देणेसुद्धा त्याच मर्यादेत बसते. दोन्ही नुकसानी मिळून 4,80,000. एका ‘नुसार’मुळे 6 लाख नाहीसे झाले. शासकीय मराठीतले ‘कलम 9 च्या अधीन राहून’ कानाला जड लागते, पण ते वरचढ कोण हे सांगते. त्याच्या उलट अर्थाचे ‘नॉटविथस्टँडिंग’ आले, तर ‘कलम 9 मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’ हा अधिनियमांतला साचा तयार आहे. तोही जसाच्या तसा वापरावा.

‘एकूण’ या शब्दाचेही तसेच. ‘अ‍ॅग्रिगेट’ म्हणजे कराराच्या काळातले सगळे दावे मिळून. ‘एकूण’ लिहिले तर एका घटनेतली एकूण रक्कम, असाही अर्थ निघतो आणि दुसऱ्या घटनेला नव्याने 4,80,000 मागता येतात. ‘सर्व घटनांचे सर्व दावे मिळून’ असे पसरट लिहिलेले मला चालते. शब्दशः राहणे म्हणजे शब्द मोजणे नव्हे, शब्दाने घातलेले कुंपण तिथेच ठेवणे.

सर्वांत अवघड जागा ‘इनडायरेक्ट ऑर कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ची. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या गिरणीचा दांडा पोचायला उशीर झाला, गिरणी बंद राहिली आणि बुडालेला नफा मालकाला मिळाला नाही. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या 1854 च्या निकालातून साहजिक नुकसान आणि खास परिस्थितीतून आलेले नुकसान असे दोन गट पडले. इंग्रज न्यायालयांनी बराच काळ ‘कॉन्सिक्वेन्शियल’ म्हणजे फक्त दुसरा गट असे धरले. नफा बुडणे मात्र दोन्ही गटांत असू शकते. आपल्या उदाहरणात कंपनीला त्या मालावर 3 लाख नफा सुटणार होता असे समजू. ‘अप्रत्यक्ष नुकसान, त्यात बुडालेला नफा धरून, देय नाही’ असे कलम असेल, तर हा नफा थेट होता, म्हणून तो मिळावा, असा युक्तिवाद करता येतो. ‘बुडालेला नफा आणि अप्रत्यक्ष नुकसान देय नाही’ असे असेल, तर नफ्याचा विषयच संपतो. सराईत भाषांतरकाराचा हात अशा वेळी एक ‘इतर’ घालतो: ‘बुडालेला नफा व इतर अप्रत्यक्ष नुकसान’. मराठी सुरेख होते आणि सगळा नफा अप्रत्यक्ष ठरतो की अप्रत्यक्ष असेल तेवढाच बाद होतो, हे कळेनासे होते. मूळात नसलेला ‘इतर’ घालायचा नाही, स्वल्पविराम हलवायचा नाही.

हे सगळे तपासण्याची एक रीत मला उपयोगी पडते. वरच्यासारखी एक घटना आकड्यांसह लिहायची, एकाला फक्त इंग्रजी प्रत द्यायची आणि दुसऱ्याला फक्त मराठी. दोघांनी किती रुपये निघतात ते काढायचे. रकमा जुळल्या नाहीत, तर कोणत्या शब्दावर वाट फुटली ते लगेच सापडते. मराठी कितीही गोड असली तरी ही चाचणी तिला सोडत नाही.

मराठी प्रत कशासाठी आहे, हेही आधी विचारावे. दोन प्रतींत तफावत आढळल्यास इंग्रजी ग्राह्य, असे कलम असेल तर मराठी प्रत समजुतीसाठी आहे. तिथे क्षतिपूर्तीचे कलम आणखी सैल, बोलके करायला हरकत नाही. दोन्ही प्रती सारख्याच ग्राह्य असतील, तर मराठीवर सही होणार आहे. अशा वेळी ‘तोशीस’सुद्धा एकटी सोडू नये. तिच्यात वकिलाची फी, तडजोडीची रक्कम आणि व्याज धरले आहे की नाही, हे मूळाप्रमाणे शेजारी लिहावे.

आणि मूळ इंग्रजीच दुहेरी असेल तर? ‘कॉन्सिक्वेन्शियल’ची व्याख्या करारात दिलेली नसते, असे पुष्कळदा दिसते. भाषांतरकाराने स्वतःच्या समजुतीने एक अर्थ निवडला, तर त्याने दोन पक्षांच्या वतीने सौदा केला असे होईल. मी तिथे ‘अप्रत्यक्ष किंवा परिणामी नुकसान’ एवढेच ठेवते, बुडालेला नफा त्यात येतो का, हा प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून मसुदा करणाऱ्या वकिलाकडे पाठवते आणि त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत ती प्रत सहीसाठी सोडत नाही.