सहा लाखांचे हातात किती?

पुण्यात पहिली नोकरी लागली, ऑफर लेटरवर वर्षाचे 6 लाख. मुलगी बारा महिन्यांनी भागून 50 हजारांचा हिशेब धरते आणि त्यावर खोलीचं भाडं ठरवते. चूक इथेच होते. हा आकडा पगाराचा नसतो. कंपनी तिच्यावर वर्षभरात करणार असलेल्या एकूण खर्चाचा असतो.

तिचंच पत्र उलगडू. मूळ वेतन महिना 25,000. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 3,000 रुपये, कंपनी दरमहा पीएफमध्ये भरते, वर्षाचे 36,000. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 14,400; ती रक्कम साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. कामगिरीवर अवलंबून असलेला, वर्षाअखेरचा बोनस 60,000. हे सगळं वजा केल्यावर 4,89,600 उरतात, म्हणजे महिना 40,800.

यातून तिच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. फेब्रुवारीत हा कर 300 असतो. 2025-26च्या नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. खात्यात येतात 37,600.

पीएफ बुडत नाही. दोन्ही वाटे तिच्याच नावे जमा होतात. बोनसची मात्र खात्री नसते. म्हणून सही करण्याआधी एचआरला दोन गोष्टी विचाराव्यात: कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी याच आकड्यात धरली आहे का, आणि बोनस किती? भाडं त्यानंतर ठरवावं.