मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आणि तुलनायोग्य गुण

शिष्यवृत्तीच्या मुलाखती एका दिवसात आटोपतात. त्यांचे ध्वनिमुद्रण मात्र पुढे कित्येक दिवस कामाचे असते. कारण निवड समितीतील सर्वांनी सर्व उमेदवारांना ऐकलेले नसते. अशा वेळी प्रत्येक मुलाखत गुण आणि दोन-चार ओळींचा अभिप्राय यांत उतरवावी लागते. हे काम वरवर कारकुनी वाटते, परंतु निवडीतला बराचसा न्याय-अन्याय येथेच ठरतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत याला एक विशेष कारण आहे. भामरागड-एटापल्लीकडील विद्यार्थी घरी माडिया बोलतो, सिरोंच्याकडचा तेलुगू, कोरचीकडचा छत्तीसगढी, मुलचेऱ्यातील अनेक कुटुंबांत बांगला, तर ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे झाडीबोली. मुलाखत मात्र प्रमाण मराठीत होते. त्यामुळे भाषेची सफाई हीच गुणवत्ता समजली जाण्याचा धोका प्रत्येक मुलाखतीत असतो.

यावर पहिला उपाय म्हणजे गुणांचा अर्थ मुलाखतीपूर्वीच लिहून ठेवणे. समजा, प्रश्न असा आहे : ‘गेल्या वर्षी अभ्यासात अडचण आली तेव्हा तुम्ही काय केले?’ उत्तरच आले नाही तर ०. केवळ अडचण किंवा सर्वसाधारण विधान सांगितले तर १. स्वतः केलेली एखादी ठोस कृती सांगितली तर २. कृतीचा परिणामही सांगितला तर ३. त्यातून पुढे काय बदलले तेही सांगितले तर ४.

आता दोन कल्पित उमेदवार घेऊ. क्रमांक ७ शहरात शिकलेला. तो तीन मिनिटे अस्खलित बोलतो; ‘मी कधीच हार मानत नाही, मेहनतीवर माझा विश्वास आहे’ हा त्याचा आशय. मंडळाच्या टिपणात शेरा आहे : ‘उत्तम आत्मविश्वास’. क्रमांक १२ भामरागडकडील. प्रश्नानंतर अकरा सेकंद शांतता, मग तुटक वाक्ये : ‘पावसात रस्ता बंद झाला. पुस्तक नव्हतं. मैत्रिणीच्या वहीतून दोन धडे उतरवले. परीक्षेत तेच आले, सोडवता आले.’ शेरा : ‘बुजरी’. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून कोष्टक लावले की पहिल्याला १ आणि दुसरीला ३ गुण मिळतात. कृती व परिणाम तिनेच सांगितले आहेत.

म्हणून अभिप्रायात विशेषण नको, जे ऐकू आले ते हवे. ‘बुजरी’ऐवजी ‘१२ मि. ४० से. : अकरा सेकंद थांबली, वहीतून धडे उतरवल्याचे व परीक्षेत उपयोग झाल्याचे सांगितले’ असे लिहावे. वेळ नोंदल्यामुळे शंका आल्यास कोणालाही तेवढाच भाग ऐकता येतो. उमेदवाराचे वाक्य त्याच्याच बोलीत ठेवावे. ते शुद्ध केले की आपण त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो.

ऐकण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. एका उमेदवाराची पूर्ण मुलाखत ऐकून गुण दिले, तर पहिल्या उत्तराची छाप शेवटपर्यंत टिकते. त्याऐवजी सर्वांचा पहिला प्रश्न ऐकावा, मग सर्वांचा दुसरा. नावे व आडनावे झाकून केवळ क्रमांक ठेवावेत. दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. फरक एकापेक्षा अधिक असेल तर सरासरी न काढता तो भाग दोघांनी मिळून पुन्हा ऐकावा.

सर्वांत मोठी चूक मात्र शून्याची असते. समजा, पाच प्रश्नांपैकी वेळ संपल्याने क्रमांक १२ ला चौथा प्रश्न विचारलाच गेला नाही. तिला उरलेल्या चार प्रश्नांत १६ पैकी ११ गुण आहेत. रिकाम्या जागी ० लिहिले, तर २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. क्रमांक ७ ला २० पैकी १३, म्हणजे ६५ टक्के. ती मागे पडली, आणि तेही मंडळाच्या चुकीने. तेथे ‘विचारले नाही’ असेच लिहावे; विचारूनही उत्तर न येणे ही निराळी गोष्ट आहे. १६ पैकी ११ चे सुमारे ६९ टक्के होतात, पण हीही खरी तुलना नव्हे, कारण गाळलेला प्रश्न सोपा होता की अवघड हे त्यात दिसत नाही. सरळ मार्ग म्हणजे तिला दूरध्वनी करून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारणे आणि तेही मुद्रित करणे.

शेवटी एक मर्यादा. दोन जाणकारांच्या गुणांत एका गुणाचा फरक सहज पडतो. म्हणून २० पैकी १४ आणि १३ यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये. असे उमेदवार एकाच गटात ठेवून पुढचा निर्णय आर्थिक गरजेच्या कागदपत्रांवर घ्यावा. मुद्रणाची संमती आरंभीच घ्यावी, आणि निकालावरील हरकतींची मुदत संपली की मुद्रण पुसून टाकावे.