प्रिसिजन फक्त ५ टक्के? आधी खालची रेघ बघा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आपल्या भाषेत, फॉल्स निगेटिव्ह.

दरडींचं मॉडेल तपासताना अडचण अशी की दरडी फार थोड्या असतात. समजा, कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांचे १०,००० चौकोन पाडले आणि त्यातल्या २० मध्ये दरड कोसळलेली आहे (आकडे सोयीसाठी घेतलेत). डोळे मिटून चौकोन निवडले तरी प्रिसिजन ०.००२ येणारच. प्रिसिजन-रिकॉल कर्व्हवर आधी ही आडवी रेघ काढा. ०.५ वर नाही!

आता कर्व्हवरचा एक बिंदू घ्या: रिकॉल ०.६, प्रिसिजन ०.०५. म्हणजे मॉडेलने २४० चौकोन धोकादायक ठरवले, त्यात खऱ्या दरडी १२. वाईट वाटतं, पण हे त्या रेघेच्या २५ पट आहे. २४० ठिकाणी माणसं पाठवून पाहणी करणं परवडेल का आणि सुटलेल्या ८ चं काय, हे मात्र कर्व्ह सांगत नाही.

खरी फसगत टेस्ट सेटमध्ये होते. वरच्या बिंदूवर ९,९८० सुरक्षित चौकोनांपैकी २२८ चुकले, म्हणजे साधारण २.३ टक्के. बरेच जण 'बॅलन्स' म्हणून २० दरडींसमोर २० च सुरक्षित चौकोन ठेवतात. मग सरासरी अर्धाही चौकोन चुकत नाही आणि त्याच मॉडेलचं प्रिसिजन ०.९६ दिसतं! ट्रेनिंगमध्ये हवं तर बॅलन्स करा, टेस्ट सेटमध्ये मूळ प्रमाणच ठेवा.

आणि २० च दरडी असल्या की एकीने रिकॉल ५ टक्क्यांनी हलतो, त्यामुळे कर्व्हच्या डाव्या टोकाच्या उड्यांवरून दोन मॉडेलांची तुलना करू नका.