‘ले मिझराब्ल’: कोणती प्रत घ्यावी?

व्हिक्टर ह्यूगोच्या या कादंबरीची (१८६२) प्रत घेताना दुसऱ्या भागाची सुरुवात उघडून पाहा. तिथे वॉटर्लूच्या लढाईची १९ प्रकरणं आहेत. संक्षिप्त प्रतीत बहुधा पहिली कात्री इथेच लागते. पण शेवटच्या प्रकरणात लुटारू थेनार्दिए रणांगणावर जखमी अधिकारी पोंमेर्सीचे खिसे कापतो आणि पोंमेर्सी त्यालाच आपला तारणहार समजतो. पुढे पोंमेर्सीचा मुलगा मारियूस याची थेनार्दिएबद्दलची घालमेल यातूनच येते. हे प्रकरण नसेल, तर प्रत परत ठेवा. नॉर्मन डेनी यांच्या इंग्रजी अनुवादात मठ आणि चोरभाषेवरचे भाग परिशिष्टात आहेत. नवख्याला ते सोयीचंच. टिपांची प्रत फ्रेंच राजकारणात रस असेल तरच घ्या. एरवी संपूर्ण प्रत घ्यावी आणि लढाई भरभर चाळावी, शेवटचं प्रकरण मात्र सोडू नये.